पावलांचे किलोमीटर: आपल्या पावलाची लांबी मोजून हिशोब कसा करायचा

मोबाईल आणि घड्याळं पावलं मोजतात, पण डॉक्टर सांगतात किलोमीटरमध्ये. "रोज तीन किलोमीटर चाला" असं कागदावर लिहून मिळतं आणि रंकाळ्यावरून परत आल्यावर स्क्रीनवर दिसतं ८,४००. आता हे तीन झाले की पाच? मोबाईल स्वतःही किलोमीटर दाखवतो म्हणा, पण तो बहुतेक वेळा तुमच्या उंचीवरून पावलाची लांबी अंदाजाने धरतो. तुमचं पाऊल खरोखर केवढं पडतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

ते मोजायला अर्धा तास पुरतो. आमच्या शेजारच्या काकी मंगळवार पेठेतून रोज सकाळी रंकाळ्याला फिरायला जातात. त्यांच्यासाठी हा हिशोब बसवला तेव्हा मोबाईलचा आकडा आणि खरं अंतर यांत बराच फरक निघाला. खाली त्यांचेच आकडे घेऊन सगळं सांगते, म्हणजे तुम्हाला तुमचे आकडे घालून तसंच करता येईल.

काय काय लागेल

- मेजरिंग टेप. बांधकामावर वापरतात तो १५ किंवा ३० मीटरचा असेल तर उत्तम. घरात पाच मीटरचा स्टीलचा टेप असेल तर तोही चालेल, फक्त तो दोन-तीनदा पुढे सरकवावा लागेल. शिवणकामाचा टेप नको, त्याच्याने पंधरा मीटर मोजताना प्रत्येक वेळी थोडी थोडी चूक वाढत जाते.
- खडू.
- सोबत एक माणूस. कुणी नसेल तर परातभर पाणी.
- तुमची रोजची चप्पल किंवा बूट. ज्याने फिरता तेच घाला.
- वही आणि पेन.

१. पाऊल कुठून कुठपर्यंत मोजायचं ते आधी पक्कं करा

डावी टाच जिथे टेकली तिथपासून उजवी टाच जिथे टेकली तिथपर्यंतचं अंतर म्हणजे एक पाऊल. टाच ते टाच. पुढच्या पायाच्या बोटांपासून मोजायला गेलात तर पायाची लांबी त्यात मिसळते आणि आकडा भलताच येतो.

गोंधळ इंग्रजी शब्दांमुळे होतो. चालण्याचा अभ्यास करणारे लोक `Step length` म्हणजे एका पावलाचं अंतर आणि `Stride length` म्हणजे डाव्या टाचेपासून पुन्हा डाव्या टाचेपर्यंतचं, म्हणजे दोन पावलांचं अंतर असा फरक करतात. अ‍ॅपवाले मात्र पुष्कळदा `Stride length` लिहून एकाच पावलाची लांबी मागतात. मोबाईल मोजतो ती सुटी पावलं, डावं एक आणि उजवं एक. त्यामुळे आपण हिशोब एका पावलाचाच करायचा. अ‍ॅपमध्ये काय भरायचं ते सहाव्या पायरीत बघू.

२. टेप लावून वीस पावलं मोजा

सपाट, सरळ, कोरडी जागा शोधा. अपार्टमेंटचं पार्किंग चालेल, शाळेचं पटांगण चालेल, रहदारी नसलेली गल्लीही चालेल. वीस-पंचवीस मीटर सरळ मिळालं म्हणजे झालं.

उभ्या जागेवरून पहिलं पाऊल टाकून मोजायला सुरुवात करू नका. उभा माणूस चालू लागतो तेव्हा पहिली दोन-तीन पावलं आखूड पडतात, आणि थांबायच्या आधीचीही. म्हणून चार-पाच पावलं मागून चालत या. सोबतच्या माणसाने तुमची डावी टाच जिथे टेकेल तिथे टाचेच्या मागच्या कडेला खडूची रेघ मारायची. ती शून्याची रेघ. तिथून पुढचं पाऊल एक, त्याच्या पुढचं दोन, असं वीसपर्यंत मोजत जा. विसाव्या पावलाला पुन्हा डावीच टाच टेकते, तिच्या मागे दुसरी रेघ मारायची. तुम्ही मात्र थांबायचं नाही, आणखी दोन-चार पावलं पुढे जायचं.

वीसच का, तर ती सम संख्या आहे. सुरुवात आणि शेवट एकाच पायावर होतो. दोन पाय एका रेषेत पडत नाहीत, थोडे आजूबाजूला पडतात, तो फरक त्यामुळे आपोआप निघून जातो. शिवाय गुडघा दुखत असेल तर एका पायाचं पाऊल दुसऱ्यापेक्षा आखूड पडतं. दोन्ही पायांची पावलं सारखीच आली की सरासरी बरोबर निघते.

दोन रेघांमधलं अंतर सेंटीमीटरमध्ये लिहा आणि वीसने भागा. काकींनी तीनदा चालून दाखवलं: ११.९ मीटर, १२.१ मीटर आणि १२.० मीटर. सरासरी १२ मीटर, म्हणजे १,२०० सेंटीमीटर. भागिले २०, आलं ६० सेंटीमीटर.

सोबत कुणी नसेल तर परातीत पाणी घ्या, चपलेचे तळवे भिजवा आणि कोरड्या काँक्रीटवरून चाला. टाचेचा ओला अर्धगोल स्पष्ट उमटतो. दहा-बारा पावलांनंतर ठसे पुसट होत जातात, म्हणून इथे दहाच पावलं मोजायची: पहिले तीन ठसे सोडून द्या, चौथ्या ठशाच्या टाचेपासून चौदाव्या ठशाच्या टाचेपर्यंत टेप धरा आणि दहाने भागा. चौथा ते चौदावा मोजले तर ठसे अकरा भरतात, पण मधली अंतरं दहाच असतात. अकराने भागलंत तर ६० चं साडेचोपन्न होतं, आणि ती चूक नंतर रोजच्या हिशोबात येत राहते. हे काम सकाळी करा. दुपारी फरशी तापली की टेप आणेपर्यंत ठसे वाळून गेलेले असतात.

इथे सगळ्यात जास्त चूक होते ती माणसाच्या चालीत. कुणी मोजतंय म्हटल्यावर आपण ताठ होतो आणि ढांगा टाकू लागतो. पहिली चाल म्हणून सोडूनच द्या. चालताना खाली टेपकडे बघू नका, नजर समोर ठेवा. काकींना मी चालता चालता महाद्वार रोडवरच्या भाजीचे भाव विचारत होते आणि पावलं मीच मोजत होते, तेव्हा कुठे त्यांची रोजची चाल आली. साडी नेसून फिरत असाल तर साडीतच मोजा, पंजाबी ड्रेसमध्ये पाऊल जास्त मोकळं पडतं. कोल्हापुरी चप्पल आणि स्पोर्ट्‌स शूज यांतही फरक येतो. दोन्ही वापरत असाल तर दोन्हीचं वेगवेगळं मोजून ठेवा.

३. मोठ्या अंतरावर ताडून पाहा

वीस पावलांवरून काढलेला आकडा चांगला असतो, पण मोबाईल पावलं बरोबर मोजतोय का हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी लांबी पक्की माहीत असलेलं अंतर चालून बघावं लागतं.

आखलेला ४०० मीटरचा धावण्याचा ट्रॅक मिळाला तर त्याहून चांगलं काही नाही. मात्र ४०० मीटर हे फक्त सगळ्यात आतल्या पहिल्या लेनचं अंतर असतं. प्रत्येक बाहेरची लेन साधारण साडेसात मीटरने वाढत जाते. आठ लेनच्या ट्रॅकवर आठव्या लेनची फेरी जवळपास ४५३ मीटर भरते. चालणाऱ्यांना पुष्कळ ठिकाणी बाहेरच्या लेनमध्ये चालायला सांगतात, कारण आतल्या लेनमध्ये मुलं पळत असतात. ते बरोबरच आहे, फक्त कितव्या लेनमध्ये चाललो हे लक्षात ठेवून अंतर धरा.

ट्रॅक नसेल तर हायवेच्या कडेचे दगड बघा. राष्ट्रीय महामार्गाच्या मैलाच्या दगडाचं डोकं पिवळं असतं, राज्य मार्गाचं हिरवं. दोन मोठ्या दगडांच्या मध्ये २, ४, ६, ८ लिहिलेले छोटे दगड असतात, ते दर २०० मीटरला बसवलेले. रस्ता रुंद करताना दगड इकडचे तिकडे झालेले असू शकतात, म्हणून ओळीने तीन-चार दगड घेऊन दोन दोन दगडांमधली पावलं सारखी येतात का पाहा. वाहनांची वर्दळ असलेल्या रस्त्यावर हा उद्योग करू नका.

रंकाळ्याची फेरी मात्र मोजमापाला घेऊ नका. फेरी किती भरते हे दहा जणांना विचारलं तर उत्तरं वेगवेगळी येतात, कारण कुणी पाण्याच्या कडेने जातं, कुणी बाहेरच्या रस्त्याने, कुणी पद्माराजे उद्यानाकडून वळसा घेतं. रोज फिरायला ती फेरी उत्तमच, पण मोजमापाला नको.

आता हिशोब. काकी ट्रॅकच्या पहिल्या लेनमध्ये दोन फेऱ्या चालल्या, म्हणजे ८०० मीटर. मोबाईलने पावलं दाखवली १,३२५. ८०,००० सेंटीमीटर भागिले १,३२५ म्हणजे ६०.४. टेपने आलं होतं ६०. दोन्ही जुळले, म्हणजे मोबाईल पावलं नीट मोजतोय.

समजा मोबाईलने १,२५० दाखवली असती, तर भागाकार ६४ आला असता. टेप सांगतो ६० आणि ट्रॅक सांगतो ६४, याचा अर्थ मोबाईल शंभरातली सहा पावलं गाळतोय. असं पर्समध्ये मोबाईल हेलकावे खात असला की होतं, आणि घड्याळाचा हात भाजीच्या पिशवीमुळे हलत नसला तरी होतं. अशा वेळी किलोमीटरच्या हिशोबाला ६४ च वापरा. पाऊल ६० चंच आहे, पण मोबाईलने गाळलेल्या पावलांची भरपाई ६४ मध्ये आधीच झालेली असते. त्यावर पुन्हा "सहा टक्के वाढवून घेऊ" असं करू नका, तीच चूक दोनदा दुरुस्त होईल. आणि हा ६४ चा आकडा मोबाईल त्याच जागी ठेवला तरच लागू पडतो. पर्समधून खिशात आला की पुन्हा ताडून बघायचं.

४. लाखाचा हिशोब

एक किलोमीटर म्हणजे १,००० मीटर, एक मीटर म्हणजे १०० सेंटीमीटर. म्हणजेच एक किलोमीटर म्हणजे एक लाख सेंटीमीटर. हे एवढं ध्यानात राहिलं तर सूत्र पाठ करायची गरज नाही. पावलं गुणिले पावलाची लांबी करा, आणि उत्तर जितके लाख येईल तितके किलोमीटर.

काकींची दिवसाची ८,४०० पावलं × ६० = ५,०४,०००. पाच लाख चार हजार, म्हणजे ५.०४ किलोमीटर.

उलटा हिशोबही असाच. एका किलोमीटरला किती पावलं? एक लाख भागिले ६०, म्हणजे साधारण १,६६७. डॉक्टरांचे तीन किलोमीटर म्हणजे तीन लाख भागिले ६०, बरोबर ५,००० पावलं. तुमचं पाऊल ७५ चं असेल तर तेच तीन किलोमीटर ४,००० पावलांत होतात. म्हणून नवऱ्याची आणि बायकोची पावलं सोबत फिरूनही सारखी येत नाहीत.

५. फिरण्याची पावलं आणि घरातली पावलं वेगळी काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. ६० सेंटीमीटर हे काकींचं रस्त्यावरच्या चालीचं पाऊल. पण त्यांची ८,४०० पावलं दिवसभराची आहेत. त्यात गॅसपासून सिंकपर्यंत, देवघरापासून दारापर्यंत, गच्चीवर कपडे वाळत घालताना पडलेली पावलंही आली. स्वयंपाकघरात कुणी साठ सेंटीमीटरचं पाऊल टाकत नाही. दोन पावलं पुढे, एक बाजूला, वळून पुन्हा मागे, असंच चालू असतं, आणि मोबाईल जवळ असेल तर तो या सगळ्याला पाऊल म्हणूनच धरतो.

घरातलं पाऊलही मोजता येतं. सोप्यापासून स्वयंपाकघरापर्यंत टेपने अंतर घ्या आणि कामाच्या नादात असताना किती पावलं पडतात ते दुसऱ्याने मोजावं. काकींच्या घरात हे अंतर ६.३ मीटर भरलं आणि पावलं पडली १४. ६३० भागिले १४, म्हणजे ४५ सेंटीमीटर. हा आकडा रस्त्यावरच्या इतका पक्का नसतो, पण ६० धरण्यापेक्षा खऱ्याच्या पुष्कळ जवळ असतो.

फिरायला निघताना मोबाईलवरची पावलं बघून लिहा, परत आल्यावर पुन्हा लिहा. वजाबाकी म्हणजे फिरण्याची पावलं. काकींची निघाली ५,०००. उरलेली ३,४०० घरातली.

५,००० × ६० = ३,००,०००, म्हणजे ३ किलोमीटर.
३,४०० × ४५ = १,५३,०००, म्हणजे १.५३ किलोमीटर.
एकूण ४.५३ किलोमीटर.

आता हे तीन आकडे शेजारी ठेवून बघा. उंचीवरून अंदाज करायची जी प्रचलित रीत आहे, तीत बायकांची उंची ०.४१३ ने आणि पुरुषांची ०.४१५ ने गुणतात. काकींची उंची १५६ सेंटीमीटर, म्हणजे पाऊल आलं ६४.४ आणि दिवसाचं अंतर ५.४१ किलोमीटर. टेपने मोजून एकच आकडा वापरला तर ५.०४. फिरणं आणि घर वेगळं काढलं तर ४.५३. पावलं तीच ८,४००, पण पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात जवळजवळ नऊशे मीटरचा फरक आहे.

डॉक्टरांनी "सलग तीन किलोमीटर चाला" म्हटलं असेल तर त्यांना सांगण्याचा आकडा फिरण्याचाच, ३ किलोमीटर. घरातला दीड त्यात मिळवू नका.

गुगल शीटमध्ये रोजची नोंद ठेवत असाल तर B रकान्यात दिवसाची एकूण पावलं आणि C रकान्यात फिरण्याची पावलं लिहा. D रकान्यात हे सूत्र टाका, ६० आणि ४५ च्या जागी तुमचे आकडे घालून:

```
=(C2*60+(B2-C2)*45)/100000
```

६. अ‍ॅपमध्ये आकडा भरताना

काही अ‍ॅपमध्ये पावलाची लांबी स्वतः भरता येते. ती एका पावलाची मागतात की दोन, हे नुसतं वाचून कळत नाही. त्यासाठी एक परीक्षा घ्या. आधी ६० भरा, मग मोजून १,००० पावलं चाला. अंतर ०.६० किलोमीटरच्या आसपास दाखवलं तर ते एका पावलाची लांबी धरतंय. ०.३० दाखवलं तर त्याला दोन पावलांचं अंतर हवंय, तिथे १२० भरा. ही परीक्षा घेताना मोबाईलचं लोकेशन बंद ठेवा, नाहीतर अ‍ॅप जीपीएसवरून अंतर काढेल आणि तुमचा आकडा त्याने वापरला की नाही ते समजणार नाही.

फक्त उंची मागणारं अ‍ॅप असेल तर खोटी उंची भरून अंतर जुळवायला जाऊ नका. त्याच उंचीवरून ते कॅलरी आणि बीएमआयही काढतं, ते सगळं बिघडेल. अशा वेळी पावलं अ‍ॅपमधून घ्या आणि किलोमीटर वहीत काढा.

उंची भरताना फूट-इंचाची चूक फार होते. ५ फूट १० इंच म्हणजे ५.१० फूट नव्हे. फुटाला १२ इंच, म्हणजे ते ७० इंच झाले. गुणिले २.५४, म्हणजे १७७.८ सेंटीमीटर. कुणी ५.१ फूट धरलं तर १५५ च्या आसपास येतं, आणि उंच माणसाचं पाऊल कागदावर आखूड होऊन बसतं.

७. हा हिशोब कुठे चालत नाही

पायऱ्यांवर पाऊल पायरीच्या रुंदीएवढंच पडतं. जोतिबाला पायऱ्या उतरून देवळात गेलात तर मोबाईल प्रत्येक पायरीला एक पाऊल धरणार आणि तुमचा ६० चा आकडा त्याला लावला तर अंतर फुगणार. साधारण ३० सेंटीमीटर रुंदीच्या शंभर पायऱ्या म्हणजे पुढच्या दिशेने ३० मीटरच. पायऱ्यांची पावलं हिशोबातून बाजूला काढा. दमछाक होते ती चढण्याची, ती किलोमीटरमध्ये दिसत नाही.

पन्हाळ्याच्या चढावरही पाऊल आखूड होतं. तिथे नेहमी फिरत असाल तर चढाचं वेगळं मोजा. एखाद्या दिवशीच गेलात तर जीपीएसचं अंतर घ्या, मोकळ्या रस्त्यावर ते चांगलं येतं. जुन्या पेठांच्या अरुंद बोळांत मात्र दोन्ही बाजूंच्या घरांमुळे जीपीएस भरकटतं आणि नकाशावर आपण कुणाच्या तरी माडीवरून चालताना दिसतो. तिथे पावलांचा हिशोबच बरा.

दुचाकीवरून खड्ड्यांतून जाताना काही फोन धक्क्यांनाही पाऊल समजतात. एकदा फोन खिशात ठेवून गाडीवरून फेरी मारा आणि आधीचा-नंतरचा आकडा बघा. वाढत असेल तर गाडीवर जाण्याआधी आणि उतरल्यावर आकडा लिहून मधला फरक वजा करा.

८. पुन्हा कधी मोजायचं

चप्पल-बूट बदलले, गुडघ्याचं किंवा पाठीचं दुखणं आलं किंवा बरं झालं, किंवा डॉक्टरांनी वेग वाढवायला सांगितला, की पुन्हा वीस पावलं मोजा. भरभर चालताना पाऊल लांब पडतं, त्यामुळे रमतगमत चालीचा आकडा भरभर चालीला लावता येत नाही. वाढत्या वयाच्या मुलांचं तर दर सहा महिन्यांनी मोजावं. नवा आकडा आला की वहीत त्यापुढे तारीख आणि कोणती चप्पल ते लिहा. आणि मागच्या महिन्यांचे किलोमीटर नव्या आकड्याने बदलू नका, ते त्या वेळच्या पावलानेच चाललेले आहेत.